सुपारी ३६ हजारांची, हातात ४००

*काका, नमस्कार. मी २२ वर्षांचा, बदलापूरला राहतो, दिवसा कुरिअरच्या गोदामात काम करतो. गेल्या आषाढात इथल्या एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवायला लागलो. मालक म्हणाले, आधी शीक, पैशाचं नंतर बघू. गणपतीपासून प्रत्येक सुपारीला ४०० रुपये मिळायला लागले, सगळ्यांना तेवढेच. विसर्जनाच्या दिवशी मंडळातल्या एका ओळखीच्या मुलाकडून कळलं की सुपारी ३६,००० ची होती. आम्ही २० जण. म्हणजे वाटले ८,००० आणि मालकांनी ठेवले २८,०००! ते स्वतः वाजवतही नाहीत, पुढे नुसते फिरतात. यंदा मला जास्त पैसे मागायचे आहेत, पण काढून टाकतील ही भीती वाटते. ताशाही शिकायचा आहे, पण ताशेवाले जवळ उभं करत नाहीत. पुण्याच्या मोठ्या पथकात गेलो तर जास्त मिळतील का? स्वतःचा ढोल घ्यावा का?*

*– एक ढोलवाला, बदलापूर*

मित्रा, तुझा राग मला कळतो, पण तुझी वजाबाकी चुकली आहे. ती तशीच घेऊन मालकासमोर गेलास तर दोन मिनिटांत गप्प बसवतील आणि मग तुझ्या खऱ्या मुद्द्याकडेही कुणी बघणार नाही. मी ताशा वाजवला आहे आणि नंतर सहा वर्षं ठाण्याकडे छोटं पथकही चालवलं आहे. त्यामुळे पैसे मागणारा आणि पैसे देणारा, दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी पुण्याचं, कारण ते पटकन संपेल. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग यांसारख्या शाळांच्या नावाने जी पथकं उभी राहिली आणि त्यांच्या वळणावर पुढे जी निघाली, ती हौसेची. तिथली मुलं नोकरी-कॉलेज सांभाळून महिना-दोन महिने नदीपात्रात नाहीतर मैदानावर सराव करतात आणि लक्ष्मी रोडला वाजवतात. मंडळाकडून येणारं मानधन पथकाच्या खात्यात जातं. त्यातून ढोल, ढोल-ताशांवर ताणायची पानं, टेम्पो, गोदामाचं भाडं निघतं आणि उरलेलं बहुतेक जण एखाद्या सामाजिक कामाला देतात. वादकाच्या खिशात काही येत नाही, उलट कुर्त्याचे पैसे त्यालाच भरावे लागतात. पथक ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर उरलेले पैसे सभासदांत वाटून घेताही येत नाहीत. त्यात फसवणूक नाही, तो प्रकारच वेगळा आहे. तुझं पथक धंद्याचं आहे, म्हणून तिथे वाट्याचा प्रश्न विचारणं योग्यच. घोळ होतो तो मधल्या पथकांत. तिथे पैसे घेताना धंदा असतो आणि वाटताना ‘बाप्पाची सेवा’. तुझे मालक निदान ४०० देतात, म्हणजे धंदा आहे हे त्यांना मान्य आहे. बोलणी तिथून सुरू करायची.

आता हिशेब. तुझ्या पत्रात खर्चाचे आकडे नाहीत, म्हणून मी अंदाजाने धरतो. तू खरे घाल, रीत तीच राहील.

२० माणसं आणि तेवढी वाद्यं न्यायची तर मोठा टेम्पो लागतो. जाणं, येणं आणि मिरवणूक संपेपर्यंत उभं राहणं मिळून ५,०००. चहा, वडापाव, रात्रीचं जेवण ३,०००. सुपारी बहुतेक वेळा मांडववाला किंवा डेकोरेटर आणून देतो, त्याचे शेकडा १० म्हणजे ३,६००. पानं, दोऱ्या, ढोल वाजवायचं टिपरू, ताशाच्या काड्या यांची झीज एका मोठ्या मिरवणुकीला २,४०० धरू. झाले १४,०००. म्हणजे वाटायला ३६ नाही, २२ हजार होते. तुझ्या हिशेबाने ८,००० वाटले तर मालकाकडे १४,००० राहिले, २८ नव्हे.

आणखी एक. ताशेवाल्यांनाही ४०० मिळतात यावर माझा विश्वास नाही. चांगला ताशेवाला चारशेत टिकत नाही. त्याला टेम्पोच्या मागे बोलावून वेगळी नोट दिली जाते, हे मी स्वतः केलेलं आहे. ४ ताशेवाल्यांना ४०० जादा धरले तर आणखी १,६०० गेले. मालकाकडे राहिले १२,४००.

हे जास्त आहेत का? आहेत. पण किती जास्त, ते कळायला वाट्याची पद्धत लावून बघावी लागते. कोकणात मासेमारीच्या होडीवर ही पद्धत जुनी आहे. आधी खर्च काढायचा, मग होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा जास्त, खलाशाचा एक. रोजंदारीची भांडणं तिथे कमी होतात, कारण मालकाला किती मिळालं हे सगळ्यांसमोर असतं. आपल्याकडे लावून बघू. जुन्या ढोलवाल्याला आणि झांजवाल्याला एक वाटा. ताशेवाल्याला दीड, कारण तो चुकला तर सगळं पथक चुकतं. पहिल्या हंगामातल्या नव्या मुलाला अर्धा. सगळ्या वाद्यांचे मिळून पाच वाटे, कारण ती मालकाच्या पैशाने आली आहेत आणि वर्षभर त्याच्याच गाळ्यात पडून असतात. आणि सुपारी आणणं, फोन, पोलिसांची परवानगी, मंडळाकडून उरलेले पैसे वसूल करणं या कामाचे अडीच. तो शेवटचा प्रकार तुला ‘पुढे नुसतं फिरणं’ वाटतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खजिनदाराला गाठून बघ, मग कळेल.

तुमच्यात ४ ताशे, १२ जुने आणि ४ नवे धरले तर माणसांचे वाटे २० होतात. त्यात मालकाचे साडेसात मिळवले की साडेसत्तावीस. २२,००० भागिले साडेसत्तावीस, बरोबर ८०० रुपयांचा एक वाटा. जुन्या ढोलवाल्याला ८००, ताशेवाल्याला १,२००, मालकाला ६,०००.

आणि पहिल्या हंगामातल्या मुलाला ४००.

हो. गेल्या वर्षी तुला जे मिळालं ते तुझ्या पातळीला ठीकच होतं. अन्याय झाला तो तुझ्या शेजारी तीन-चार वर्षं वाजवणाऱ्यांवर, ज्यांनाही ४०० च मिळाले. मालकाच्या हातात सहाच्या जागी बारा हजार गेले ते त्यांच्या वाट्याचे. यंदा तू त्यांच्यात मोडणार आहेस, म्हणून प्रश्न तुझाही आहे. पण ‘मला लुटलं’ म्हणून गेलास तर मालक म्हणतील, ‘अरे, तुला तर ठेक्यांचे हात पण येत नव्हते’, आणि ते खरं असेल. ‘जुन्यांना आणि नव्यांना सारखेच का?’ हा प्रश्न मात्र त्यांना झटकता येणार नाही.

वाटा नेहमी फायद्याचाच असतो असंही समजू नकोस. एखादी गल्लीतली वरात घे. १० जण, १२,०००, दोन तास. टेम्पो २,५००, नाश्ता ५००, झीज १,०००, मध्ये दलाल नाही. उरले ८,०००. २ ताशांचे तीन वाटे, ८ ढोल-झांजांचे आठ, वाद्यं कमी म्हणून त्यांचे अडीच, मालकाचे अडीच. झाले सोळा, एक वाटा ५०० चा. म्हणजे ४०० आणि वाटा यांत फारसा फरक नाही. आणि मंडळाने शेवटचे पैसे बुडवले तर वाटेकऱ्यालाही कमी घ्यावं लागतं, रोजवाल्याला नाही. म्हणून तुझ्यासारख्या गोदामातून सुट्टी घेऊन येणाऱ्याने दोन्ही मिळून मागावं. साध्या सुपारीला ठरलेला रोज, म्हणू ५००. आणि आगमनाचे रविवार, विसर्जनाचे दिवस, पाडव्याची शोभायात्रा, देवीचं आगमन अशा मोठ्या दिवसांना वाटा, पण ५०० च्या खाली नाही. मालकालाही हे परवडतं, कारण त्या दिवशी त्यालाच जास्त मिळतं. नव्या वर्षाच्या स्वागतयात्रेची सुरुवात १९९९ मध्ये डोंबिवलीतून झाली आणि आता तुमच्या पट्ट्यातल्या गावोगावी ती निघते. त्या सकाळी ढोलवाला मिळत नाही. असे दिवस वर्षात मोजकेच असतात, वाट्याचं भांडण फक्त त्या दिवसांसाठी ठेव.

रकमेपेक्षा वेळ महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. विसर्जनाला तुम्ही किती तास होतात? मंडळ सांगतं चार तास. पुढे तीन गणपती अडकलेले असतात, तुम्ही ढोल कमरेला बांधून एका चौकात दीड तास उभे, मग पुन्हा वाजवा. चारचे आठ होतात आणि पैसे चारचेच. माझ्या तरुणपणी एका पथकाने मला दुपारी दोनला नेलं आणि पहाटे घरी सोडलं. हातात पडले संध्याकाळपुरते. मालक म्हणाला, ‘मंडळाने वाढवून दिले नाहीत.’ नंतर कळलं की त्याने मागितलेच नव्हते. म्हणून सुपारी घेतानाच तास लिहून घ्यायचे आणि पुढच्या प्रत्येक तासाला मंडळाने किती द्यायचे तेही. हे काम मालकाचं. त्या वाढीव रकमेत माणसांचा वाटा किती, हे तू विचारायचं.

रात्री दहानंतर वाजवायला कायद्याने बंदी आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं. त्यामुळे कधी उलटही होतं, मिरवणूक उशिरा निघते आणि तासाभरात पोलीस थांबवतात. माणसांच्या संख्येवरूनही असंच होतं. पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये पथकात ३० च माणसं असावीत असं सांगितलं होतं, त्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ ला स्थगिती दिली. पण जागेवर पोलीस ‘एवढे नको’ म्हणू शकतात, मंडळही ऐन वेळी वीसचे बारा करतं. मग आठ जण टेम्पोत बसून राहतात. नेलेल्या आणि बसवून ठेवलेल्या वादकाला रोज मिळतो की नाही? आधी विचारलं नसेल तर मिळत नाही.

उधळलेल्या पैशांचंही ठरव. वरातीत नाचणारे ढोलवर नोटा ठेवतात. ज्याच्या ढोलवर पडली त्याची, असं चाललं की पुढची ओळ श्रीमंत होते आणि मागच्यांचा वाजवण्यातला जीव जातो. सगळं एका झोळीत आणि तिथेच सगळ्यांसमोर मोजायचं, हे बरं. माझ्या पथकात एकदा दोन सख्खे मित्र शंभराच्या नोटेवरून महिनाभर बोलले नाहीत.

पान फुटलं की वाजवणाऱ्याच्या रोजातून कापायची एक वाईट सवय काही मालकांना आहे. ते मान्य करू नकोस, पण फुटलेलं पान नीट बघायला शीक. कडेने कड्याजवळ फाटलं असेल तर ढोल जास्त ताणला होता किंवा पान जुनं झालं होतं, त्यात तुझा दोष नाही. टिपरू पडतं त्या जागी भोक पडलं असेल तर टिपरूचं टोक बघ, चिरून टोकदार झालेलं सापडेल. दर सुपारीआधी टिपरूच्या टोकावरून बोट फिरवायचं आणि खरखरीत लागलं तर काचकागदाने घासायचं. मी एका पोराचे पैसे असेच कापले होते आणि नंतर लक्षात आलं की त्या दिवशी ढोल मीच ताणला होता. पैसे परत दिले, पण पोरगं परत आलं नाही.

आता मागायचं कसं. एकट्याने नाही आणि सुपारीच्या दिवशी तर मुळीच नाही. टेम्पो भरताना पैशाचा विषय काढणारा वादक कुठल्याच मालकाला आवडत नाही. मालक तेव्हा हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी तुझं नाव यादीतून जातं. सराव सुरू व्हायच्या आधी, पावसाच्या सुरुवातीला जायचं, जेव्हा मालक यंदाची माणसं मोजत असतो. तुझ्याबरोबर दोन जुने ढोलवाले हवेत आणि जमलं तर एक ताशेवाला. चौघांपेक्षा जास्त नको, मोर्चा वाटतो.

जाताना वही घेऊन जा. गेल्या हंगामातल्या सुपाऱ्या आठवून लिही. तारीख, ठिकाण, किती वाजता जमलो, किती वाजता सुटलो, माणसं किती, हातात किती. मंडळाकडून ऐकलेला सुपारीचा आकडा त्यात घालू नकोस. तो ऐकीव आहे, आणि तो काढलास की त्या मंडळातल्या मुलाचं नाव निघेल. तुझ्या बाजूने तास पुरेसे बोलतात. नऊ तासांचे ४०० म्हणजे तासाला ४४ रुपये, हे मालकाला त्याच्याच तोंडाने म्हणू दे.

बोलायचं साधं. ‘दादा, यंदाही तुमच्याकडेच वाजवायचं आहे. पण जुने-नवे सारखे नकोत. साध्याला ५०० आणि मोठ्या दिवसाला खर्च काढून वाटा. खर्चाचं तुम्ही सांगाल ते आम्ही मानू, फक्त सगळ्यांसमोर सांगा.’ मग गप्प बस. मालक खर्चाची यादी वाचायला लागले तर चांगलं लक्षण आहे, ऐकून घे आणि लिहून घे. त्यात अशा गोष्टी निघतील ज्या तू धरल्या नव्हत्या, गाळ्याचं भाडं, बुडालेली एखादी सुपारी. त्या खऱ्या असतील तर तुझा ८०० चा वाटा ७०० वर येईल. येऊ दे. ‘ज्याला परवडत नाही त्याने जावं’ असं म्हणाले तर तिथे तोंड वाजवू नकोस. घेतलेल्या सुपाऱ्या पूर्ण कर आणि मग जा. विसर्जनाच्या सकाळी दगा देणाऱ्या वादकाचं नाव कल्याणपासून कर्जतपर्यंत पोचतं.

ठरलं की त्याच संध्याकाळी पथकाच्या ग्रुपवर तूच लिहून टाक: ‘दादांशी बोलणं झालं त्याप्रमाणे…’ आणि चार ओळी. मालकाने त्यावर अंगठा दाखवला तरी पुरे. करारनामा करायला जाऊ नकोस, कुणी सही करणार नाही आणि वातावरण मात्र बिघडेल. पैसे रोख न घेता फोनवरून घे, तारखा आपोआप राहतात.

मालक ऐकतील का, हे तुझ्या वहीपेक्षा तू काय वाजवतोस यावर ठरेल. ढोलवाले बदलता येतात. तर्री, म्हणजे काड्यांचा सलग वेगवान कडकडाट, धरणारे ताशेवाले तुमच्या गावात मोजके असतील. माझ्या पथकातून एका गणपतीत सकाळी तीन ताशेवाले दुसरीकडे गेले आणि मला सुपारी सोडावी लागली. त्यानंतर मी त्यांना दीड वाटा द्यायला लागलो, त्याआधी नाही. म्हणून ताशा शिकायचा तुझा विचार योग्य आहे. पण ताशेवाले जवळ का उभं करत नाहीत, ते समजून घे. ताशात कच्चा माणूस घुसला की सगळ्यांची लय हलते. ढोलात एक जण चुकला तर लपतो.

आधी ढोलचेच सगळे हात पक्के कर. प्रत्येक हात तोंडाने म्हणता आला पाहिजे, न वाजवता. बदलापूर ते ठाणे लोकलमध्ये मांडीवर थाप देत म्हण, लोक बघतील, बघू दे. दुसरं, तुझी लय पळते का ते तपास. नव्या ढोलवाल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची पळते आणि स्वतःला कळत नाही. सरावात सुरुवातीला मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दहा मिनिटांनी पुन्हा. घरी जाऊन दोन्ही ठिकाणी १५ सेकंदांतले टिपरू मोज. आधी २८ आणि नंतर ३३ निघाले तर तू पळतोयस. ताशेवाला तुला का उभं करत नाही, त्याचं उत्तर त्या पाचांत आहे. दोन्हीकडे सारखे येईपर्यंत ताशाला हात लावू नकोस.

तुझ्यासारखे पुष्कळ जण मागच्या ओळीत उभे असतात आणि म्हणतात, ‘मी तर ताशा ऐकूनच वाजवतो.’ तिथेच फसतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ताशा तुझ्यापासून २० मीटर पुढे असेल तर त्याचा ठोका तुझ्यापर्यंत पोचायला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. तू त्यावर वाजवलंस की तुझा आवाज पुढे जायला तेवढाच वेळ आणखी. पुढे उभ्या माणसाला मागची ओळ रेंगाळल्यासारखी वाटते. म्हणून मागे असलास की कानाने नाही, डोळ्याने वाजव. पुढच्या ताशेवाल्याची वर गेलेली काडी बघ, ती दिसत नसेल तर टोलाची धातूची थाळी वाजवणाऱ्याचा हात बघ. हात बदलायचा इशाराही तिथूनच येतो. आणि यंदा पुढे उभं राहायला माग. पैशांआधी ते माग. ताशाजवळ उभा राहिलास की अर्धा ताशा कानातून शिकशील.

ताशाचा सराव ताशावर सुरू करू नकोस, शेजारी पोलीस बोलावतील. जुना टायर घे किंवा जाड रबराचा तुकडा. काड्या मनगटातून हलल्या पाहिजेत, कोपर जागचं हलायला नको. काखेत रुमाल धर. तो पडला तर तू हाताने मारतोयस. पहिले दोन आठवडे फक्त एक-एक ठोका, उजवा-डावा, अगदी सावकाश, आणि दोन्ही ठोक्यांचा आवाज सारखा. डावा हमखास हलका पडतो. मग डाव्याने सुरुवात करायची आणि उजव्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. तर्री म्हणजे हाच उजवा-डावा वेगाने. जो सावकाश सारखा वाजवू शकत नाही, त्याची तर्री लंगडीच राहते. रोज वीस मिनिटं पुरेत. गोदामातून आल्यावर दोन तास करशील तर मनगट धरेल आणि आठवडाभर सुट्टी.

नंतर पथकातल्या एका ताशेवाल्याला धर, चौघांना नको. सरावानंतर त्याचे ताशे पुसून ठेव, दोऱ्या सोड, त्याच्यासाठी चहा आण. हे गुलामगिरी वाटतं, पण काही महिन्यांनी तो स्वतःहून काड्या हातात देतो. एखाद्या सुपारीला त्याला तासभर विश्रांती हवी असते, तिथे तुझी जागा तयार होते. विसर्जनाला नाही, छोट्या वरातीत. आणि ताशाला बसलास की कानात फोमचे बोळे घाल. कापूस काही कामाचा नाही. मिरवणुकीनंतर रात्री कानात शिट्टी वाजत असेल तर समज, त्या दिवशी कानाला जास्त झालं. माझ्या डाव्या कानाला आता बायकोचं अर्धं बोलणं ऐकू येत नाही. ती म्हणते मी सोंग करतो.

राहिला स्वतःचा ढोल. वाद्यांचे पाच वाटे वीस वाद्यांत वाटले तर एका वाद्याला पाव वाटा, म्हणजे मोठ्या सुपारीला २०० रुपये. स्वतःचं वाद्य आणणाऱ्याने ते हक्काने मागावेत आणि मालकाला त्यात तोटा नाही. पण ढोल घेतलास तर तो टेम्पोशिवाय हलत नाही, टेम्पो मालकाचा, म्हणून ढोलही अखेर मालकाच्याच गाळ्यात राहणार आणि भांडण झालं की अडकणार. ताशा मात्र पिशवीत घालून लोकलने नेता येतो आणि उद्या दुसऱ्या पथकाने बोलावलं तर खांद्याला लावून जाता येतं. घ्यायचाच असेल तर ताशा घे, तोही दिवाळीनंतर. गणपतीच्या तोंडावर दुकानदार भाव सोडत नाही आणि हंगाम संपला की पथकंच जुने ताशे काढतात. जुना घेताना पान बघू नकोस, ते बदलता येतं. भांडं उलटं करून काठाला पोचा आहे का ते बघ, काठ वाकलेला असेल तर पान एका बाजूला कधीच ताणत नाही. आणि घरी आणण्याआधी आईला सांग, नाहीतर तो पहिल्याच रात्री गॅलरीत जाईल.